विश्लेषण : बंदरात कंटेनरचा मुक्काम एका दिवसाने वाढला तर काय बिघडते?

नाशिकहून द्राक्षांचा कंटेनर निघतो आणि न्हावाशेव्याला पोहोचतो, पण जहाज आलेले नसते. कधी जहाज धक्क्याला असते, पण कंटेनर बंदराच्या फाटकाबाहेर रांगेत असतो. दोन्ही वेळा नुकसान माल पाठवणाऱ्याचे. बंदरात कोंडी कशी होते, ती एवढ्या झपाट्याने का वाढते आणि निर्यातदार तिच्याभोवती वेळापत्रक कसे आखतात, याचा हा आढावा.

मुक्काम कसा मोजतात?

कंटेनर बंदरात जितका वेळ थांबतो त्याला ‘ड्वेल टाइम’ म्हणतात. आयातीच्या कंटेनरचे घड्याळ तो जहाजावरून उतरला की सुरू होते आणि तो बंदराच्या फाटकातून बाहेर पडला की थांबते. निर्यातीचे उलट. कंटेनर फाटकातून आत आला की घड्याळ सुरू आणि जहाजावर चढला की बंद. भारतात हे मोजण्यासाठी कंटेनरवर ‘आरएफआयडी’ टॅग लावला जातो. न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात ही पद्धत 2016 मध्ये सुरू झाली.

जागतिक बँकेच्या 2023 च्या लॉजिस्टिक्स अहवालात भारतातील कंटेनरचा सरासरी मुक्काम साधारण तीन दिवसांचा आहे. अमेरिकेत तो सात, तर जर्मनीत दहा दिवसांचा होता. आकडा चांगलाच आहे. पण या मोजणीत एक मोठी फट आहे. फाटकाबाहेर, वाहनतळावर किंवा उरण-पनवेल पट्ट्यातील रस्त्यावर ट्रेलर जितका वेळ उभा असतो, तो निर्यातीच्या मुक्कामात धरला जात नाही. धक्का मोकळा होण्याची वाट पाहत जहाज समुद्रात नांगर टाकून उभे असते, तेव्हा त्यावरील आयातीचे घड्याळही सुरू झालेले नसते. म्हणून कागदावरचा मुक्काम कमी आणि प्रत्यक्षातला खोळंबा मोठा, असे एकाच वेळी घडू शकते.

एका दिवसाचा एवढा बाऊ कशासाठी?

उत्तर साध्या गुणाकारात आहे. यार्डात एका वेळी उभे असलेले कंटेनर म्हणजे रोज येणारे कंटेनर गुणिले सरासरी मुक्कामाचे दिवस. समजा, एका टर्मिनलवर रोज 5,000 कंटेनर येतात आणि प्रत्येक जण सरासरी तीन दिवस थांबतो. मग यार्डात 15,000 कंटेनर असतील. मुक्काम चार दिवसांवर गेला, तर येणाऱ्या मालात एकाही कंटेनरची भर न पडता ही संख्या 20,000 होते. यार्डाची जागा 18,000 कंटेनरची असेल, तर ते टर्मिनल तुंबले.

प्रत्यक्षात अडचण जागा संपण्याआधीच सुरू होते. यार्डात कंटेनर एकावर एक रचलेले असतात. पाच थरांच्या चळतीत सर्वात खालचा हवा असेल, तर वरचे चार आधी हलवावे लागतात. यार्ड अर्धे रिकामे असताना चळती ठेंगण्या असतात आणि क्रेन हवा तो कंटेनर लगेच उचलते. यार्ड भरत गेले की प्रत्येक उपयोगी उचलीमागे अशा वायफळ हालचाली वाढतात. क्रेन तेवढ्याच, पण दिवसाकाठी बाहेर पडणारे कंटेनर कमी. त्यामुळे मुक्काम आणखी लांबतो आणि यार्ड आणखी भरते. म्हणूनच कोंडी एका दिवसात तयार होते, पण सुटायला आठवडे लागतात.

कोंडीची सुरुवात कुठून होते?

बहुतेक वेळा समुद्रातून. कंटेनर जहाजे एसटीसारखी ठरलेल्या वेळापत्रकाने धावतात. समजा, युरोपला जाणारी तीन जहाजे सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी लागतात. टर्मिनल त्या हिशेबाने धक्का, क्रेन आणि यार्ड राखून ठेवते. आधीच्या बंदरांत उशीर होऊन तिन्ही शुक्रवारीच आली, तर आठवड्याची जहाजे तेवढीच, मालही तेवढाच. पण सोमवारच्या जहाजाचे निर्यात कंटेनर चार दिवस जास्त यार्डात साचतात आणि शुक्रवारी तिन्ही जहाजांचा आयात माल एकदम उतरतो. याला जहाजांचे ‘बंचिंग’ म्हणतात.

तांबड्या समुद्राच्या संकटाने हेच दाखवले. नोव्हेंबर 2023 मध्ये हुथी बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ जहाज ताब्यात घेतले. त्यानंतर मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. भारत ते उत्तर युरोप हा प्रवास साधारण दहा ते चौदा दिवसांनी लांबला. पण फटका केवळ लांबलेल्या दिवसांचा नव्हता. जहाजांची ठरलेली फेरी मोडली, रिकामे कंटेनर उशिरा परतू लागले आणि 2024 च्या मध्यापर्यंत सिंगापूर, कोलंबोसारख्या बंदरांत जहाजे ताटकळू लागली. तिथे उशीर झालेले जहाज पुढच्या बंदरातही अवेळीच पोहोचते.

जमिनीवरची कारणे वेगळी आहेत. आयातदाराची कागदपत्रे अपुरी असतात, शुल्क भरलेले नसते किंवा गोदामात जागा नसते, म्हणून तो कंटेनर उचलत नाही. सुट्टीला जोडून आलेल्या दिवसांत ट्रेलर कमी पडतात. ज्याला बंदर काही दिवस मोफत ठेवू देते, तो अनेकदा त्या मुदतीच्या शेवटच्या दिवशीच माल उचलतो. त्याच्या दृष्टीने ते फुकटचे गोदाम असते. पण जागा निर्यातीच्या कंटेनरचीही अडते.

निर्यातदाराची आखणी उलटी का असते?

निर्यातदार शेतापासून बंदराकडे हिशेब करत नाही. तो बंदरापासून मागे येतो. त्याच्यासाठी कळीची वेळ ‘कट-ऑफ’ची असते, जहाज सुटण्याची नव्हे. जहाज लागण्याच्या काही तास आधी टर्मिनल त्या जहाजासाठी कंटेनर घेणे बंद करते. तसेच ‘गेट ओपन’ची वेळही ठरलेली असते. त्याआधी आलेला कंटेनर आत घेतला जात नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी बांधलेली एक खिडकी. शिवाय फाटकावर पोहोचताना शिपिंग बिल, कंटेनरच्या प्रमाणित वजनाची नोंद आणि टर्मिनलचा ‘फॉर्म 13’ हे सगळे जुळलेले हवे. एक आकडा चुकला तरी ट्रेलर बाजूला काढला जातो.

पिंपळगाव परिसरातील एका काल्पनिक द्राक्ष निर्यातदाराचे उदाहरण घेऊ. त्याने मागील 20 खेपांची नोंद ठेवली आहे. पॅकहाऊसमधून निघून टर्मिनलच्या फाटकात शिरेपर्यंत 10 खेपांना 12 तास किंवा त्याहून कमी लागले. 18 खेपा 20 तासांत आटोपल्या. उरलेल्या दोनपैकी एकीला 26 आणि दुसरीला 31 तास लागले.

कट-ऑफच्या 12 तास आधी निघायचे ठरवले, तर निम्म्या खेपांचे जहाज चुकेल. 20 तास धरले तरी 20 पैकी दोन चुकतील. 32 तास धरले तर एकही चुकणार नाही, पण बहुतेक कंटेनर गरजेपेक्षा लवकर पोहोचतील. द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास ठेवावी लागतात, त्यामुळे हा कंटेनर यार्डात वीज जोडणीवर उभा असतो आणि त्याचे भाडे लागते.

आता पैशांचा हिशेब. वीज आणि देखरेखीचे भाडे दिवसाला 3,000 रुपये मानू. 20 ऐवजी 32 तास धरल्यास प्रत्येक खेपेला अर्धा दिवस जास्तीचा, म्हणजे 20 खेपांचे मिळून 30,000 रुपये. उलट जहाज चुकले तर पुढच्या आठवड्याच्या जहाजापर्यंत सात दिवसांचे 21,000 रुपये. दोन खेपांचे 42,000. त्यात द्राक्षांच्या आयुष्यातून गेलेला आठवडा आणि युरोपात खाली आलेला भाव धरलेलाच नाही. म्हणून जाणकार निर्यातदार सरासरीवर आखणी करत नाहीत. सर्वात वाईट खेपांवर करतात. सुक्या, न नासणाऱ्या मालासाठी गणित बदलते. तिथे एखादे जहाज चुकणे परवडू शकते.

मग सगळ्यांनीच लवकर निघावे का?

इथेच खरी मेख आहे. एकाने 12 तास आधी निघणे शहाणपणाचे असते. पण सगळे तसे निघाले, तर सर्वांचा मुक्काम अर्ध्या दिवसाने वाढतो आणि वरच्या उदाहरणातील यार्डात आणखी 2,500 कंटेनर उभे राहतात. कोंडीच्या भीतीने राखलेला वेळच कोंडी बनतो. टर्मिनल ‘गेट ओपन’ची मर्यादा घालते ते यासाठीच. मग हा राखीव वेळ यार्डाऐवजी बाहेर वाहनतळावर जातो. न्हावाशेव्याला ट्रेलरसाठी केंद्रीय वाहनतळ आहे. कारखान्यातच मोहोरबंद झालेल्या कंटेनरचे सीमाशुल्काचे सोपस्कार तिथे उरकता येतात. त्यामुळे थांबण्याचा वेळ पूर्ण वाया जात नाही. मात्र द्राक्षांच्या कंटेनरला तिथेही थंडावा लागतो आणि ट्रेलरवर तो जनरेटरवरच मिळतो.

कोंडी येण्याआधी ओळखता येते का?

बरीचशी येते. पहिली खूण म्हणजे एकाच जहाजाची येण्याची वेळ दोन-तीनदा पुढे ढकलली जाणे. निर्यातदाराचा एजंट म्हणूनच जहाजाचे वेळापत्रक पाहण्यावर थांबत नाही, तर ते जहाज आधीच्या बंदरातून सुटले की नाही हे तपासतो. सुटले नसेल, तर माल शीतगृहातून काढायचाच नाही. एकदा ट्रेलर घाट उतरला की पर्याय संपतात. दुसरी खूण रिकाम्या रीफर कंटेनरची टंचाई. ते मिळायला उशीर होऊ लागला, म्हणजे जहाजांची फेरी लांबली आहे. तिसरी खूण जहाज कंपनीने बुकिंग पुढच्या जहाजावर ढकलणे. हे एकदा घडले की पुढच्या आठवड्यातील जागा आधीच अंशतः भरलेली असते.

या खुणा दिसल्या की काढणी दोन दिवस लांबवणे, माल दोन कंपन्यांच्या जहाजांत विभागणे किंवा मुंद्र्यासारख्या दुसऱ्या बंदराचा दर मागवणे, हे मार्ग उरतात. प्रत्येकाला मर्यादा आहे. पिकलेली द्राक्षे वेलीवर फार थांबत नाहीत, विभागलेल्या मालाला दर चढा पडतो आणि मुंद्र्यापर्यंतचा रस्ता न्हावाशेव्याच्या कितीतरी पट लांब आहे. त्यामुळे नाशिकच्या निर्यातदाराचा सर्वात स्वस्त पर्याय आजही तोच आहे : माल शीतगृहात ठेवणे आणि जहाजाने आधीचे बंदर सोडल्याची खात्री झाल्यावरच ट्रेलर हलवणे.