अस्थींची वही

वाटेतच जन्मायचं आणि वाटेतच मरायचं अशा कित्येक पिढ्या पोटात घेऊन जाणारं अंतराळजहाज विज्ञानकथेला नवं नाही. हाइनलाइनची ‘युनिव्हर्स’ १९४१ सालची, ब्रायन ऑल्डिसची ‘नॉन-स्टॉप’ १९५८ची. तरीही अशा कथांतली बरीचशी जहाजं मला खोटी वाटतात. त्यांत कप्तान असतो, बंड असतं, इंजिनाला देव मानणारी एखादी टोळीही असते. पण या लोकांनी काल काय खाल्लं आणि खाल्लेलं परत पिकाच्या मुळाशी कसं पोचलं, हे लेखकाला सांगता येत नाही. माझ्या मते असं जग उभं करायला वहीपासून सुरुवात करावी. जहाजावर एक गोष्ट मोजकी आहे, ती जरा जरा गळते आहे आणि कुणीतरी तिचा हिशेब ठेवतं आहे, एवढं पक्कं केलं की राजकारण आणि रीतिरिवाज त्या हिशेबातूनच उगवतात.

आपण एक जहाज घेऊ. माणसं ६००, प्रवास २५० वर्षांचा. सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे जहाजाला सेकंदाला सुमारे ५,००० किलोमीटर वेग हवा. व्हॉयेजर-१ ज्या वेगाने सूर्यमालेबाहेर पडलं त्याच्या जवळजवळ ३०० पट. हे इंजिन कुठून आणायचं ते बाजूला ठेवू. ते मिळालं असं धरलं तरी प्रश्न उरतो तो पोटाचा.

मोजकी गोष्ट म्हणून बहुतेक लेखक हवा किंवा पाणी निवडतात. मी फॉस्फरस निवडतो, आपले शेतकरी ज्याला स्फुरद म्हणतात तो. किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांच्या ‘ऑरोरा’ (२०१५) या कादंबरीतही तो जहाजाला छळतो, आणि ते योग्यच आहे. पाणी डोळ्यांना दिसतं, ते कमी झालं की लगेच बोंब होते. स्फुरद जातो तेव्हा कुणाला कळत नाही. त्याच्याऐवजी दुसरं काही चालत नाही आणि तो तयारही करता येत नाही. निघताना जेवढा चढवला तेवढाच.

मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ७०० ग्रॅम स्फुरद असतो आणि त्यातला ८५ टक्के हाडांत आणि दातांत. नवजात बाळात तो जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम. माणूस रोज साधारण एक ग्रॅम खातो आणि जवळपास तेवढाच बाहेर टाकतो, त्यातला मोठा भाग लघवीतून. जहाजावर माती, पिकं, टाक्या आणि माणसं मिळून एकूण ३,००० किलो स्फुरद आहे असं धरू. लहानमोठी सगळी धरून सरासरी आयुष्य ७५ वर्षं असेल, तर वर्षाला आठ मृत्यू होतील. सरासरी ६०० ग्रॅमने पावणेपाच किलोच्या आसपास स्फुरद दर वर्षी मृतदेहांत असेल.

आता पहिला प्रसंग आपोआप घडतो. पृथ्वीवरून निघालेल्या पिढीने आपले मृत बाहेर, ताऱ्यांच्या दिशेने सोडायचं ठरवलेलं असतं. दर्यावर्दी लोकांची रीत, डौलदार आणि स्वस्त. पंधरा-वीस वर्षांनी शेतीकडचा कुणीतरी बेरीज करतो: २५० वर्षांत २,००० मृतदेह, म्हणजे जवळजवळ १,२०० किलो. एकूण साठ्याचा दोन पंचमांश. सभा बोलावली जाते, रडारड होते, निर्णय होतो. यापुढे देह जाळायचे, राख दळायची आणि आम्लात मुरवून शेताला द्यायची. नुसती राख मातीत टाकून फारसं भागत नाही, कारण हाडातला कॅल्शियम फॉस्फेट पाण्यात सहजी विरघळत नाही. जॉन लॉज यांनी इंग्लंडमध्ये १८४२ साली सुपरफॉस्फेटचं पेटंट घेतलं ते हीच अडचण गंधकाम्लाने सोडवून. जहाजावरही आम्लाची खोली लागते, आणि तिथे काम करणारी चार माणसं एका रात्रीत महत्त्वाची होतात.

राखेचं वजन घेऊन वहीत चढवणं हे सुरुवातीला निव्वळ कारकुनी काम आहे. जन्मांवर मर्यादा आहेच, म्हणून कारकून एक सोय करतो. एक खातं बंद झालं की त्याच्याच पुढे नव्या बाळाचं खातं उघडतो. तीस वर्षांनी घरचे लोक वजन घेताना हजर राहू लागतात. साठाव्या वर्षी आकडा मोठ्याने वाचला जातो आणि बाळाच्या आईने तो ऐकायचा असतो. शंभराव्या वर्षापर्यंत प्रत्येकाला दोन वंश झालेले असतात, एक रक्ताचा आणि एक वहीचा. वहीतल्या एकाच ओळीतल्या मुलामुलींनी आपसांत लग्न करू नये, असं म्हाताऱ्या बायका म्हणू लागतात. कुणी तसा नियम केलेला नसतो. आणि आधीच जनुकांच्या हिशेबाने सहाशेंच्या गावात स्थळं मोजकी असताना या वहीच्या गोत्रामुळे चांगली स्थळं नाकारली जातात. डॉक्टर एका बाजूला, आज्या दुसऱ्या बाजूला. हे भांडण कादंबरीला दोन प्रकरणं सहज पुरेल.

या रीतीत भाबडेपणा येऊ देऊ नये. खऱ्या समाजात कुणी मनापासून करतं, कुणी कंटाळत करतं, कुणी फसवतं. एखादी मुलगी बापाचा एक दात काढून ठेवते. तराजूवर राख एक-दीड ग्रॅमने कमी भरते. एवढ्या फरकावरून काहीच सिद्ध होत नाही हे कारकुनाला माहीत आहे. पण ती सारखी ओढणीच्या टोकाची गाठ चाचपते आहे हेही त्याला दिसतं. तो आकडा वरच्या बाजूला पूर्ण करून लिहितो. पुढे वीस वर्षांनी हाच कारकून सभेच्या निवडणुकीला उभा राहतो तेव्हा किती घरं त्याच्या उपकारात आहेत, हे फक्त त्यालाच ठाऊक असतं. सत्ता बंदुकीपेक्षा अशा पूर्णांकांतून जमते, असं मला वाटतं.

रीत हिशेबाचं काम करते याला खरा दाखला आहे बालीचा. तिथले भातशेतकरी ‘सुबक’ नावाच्या मंडळांतून पाणी वाटून घेतात आणि कुणी कधी लावणी करायची ते जलमंदिरांच्या पंचांगावरून ठरतं. १९७०च्या दशकात नव्या बियाण्यांबरोबर सल्ला आला की पंचांग सोडा, जमेल तितक्यांदा पीक घ्या. मग किडी आणि रोगांनी पिकं खाल्ली. सगळी शेतं एकाच वेळी पडीक ठेवण्यामागे किडीला उपाशी मारण्याची युक्ती होती. मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लॅन्सिंग यांनी ती संगणकावर पडताळून दाखवली.

पण जहाजाची गोष्ट इथेच थांबवली तर ती गोडगोड होईल. रीत दिसणाऱ्या वस्तूभोवती जमते, आणि गळती मात्र दुसरीकडेच असू शकते. ॲरिझोनातल्या ‘बायोस्फियर-२’मध्ये हे घडलं. सप्टेंबर १९९१ मध्ये आठ माणसं तीन एकरांहून थोड्या मोठ्या बंद काचघरात दोन वर्षांसाठी शिरली. आतला प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून उतरत उतरत साडेचौदा टक्क्यांच्या आसपास आला. माणसांना जिने चढवेनात आणि जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. सेंद्रिय खताने भरलेल्या मातीतले जिवाणू तो खात होते, हे उघड होतं. मग त्याच प्रमाणात वाढायला हवा होता तो कार्बन डायऑक्साइड गेला कुठे? तो शोषला होता इमारतीच्या काँक्रीटने. भिंतीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आणि या दरम्यान त्या आठांचे चार-चारांचे दोन तट पडले होते. जहाजाच्या लेखकाने हा तपशील विसरू नये.

आपल्या जहाजावरही भिंतीतच घोटाळा आहे. लघवी साठवली की तिच्यातला स्फुरद मॅग्नेशियम आणि अमोनियाशी मिळून कडक खडा धरतो. सांडपाण्याच्या केंद्रांत काम करणाऱ्यांना हा खडा चांगला परिचयाचा आहे, त्याने पाइप बुजतात. काही स्फुरद लोहाशी, चुन्याशी बांधला जातो. साठ्यातला वर्षाला केवळ अर्धा टक्का असा अडकतो असं धरा. पहिल्या वर्षी ते १५ किलो होतात, म्हणजे मृतदेहांतल्या स्फुरदाच्या तिप्पट. शंभर वर्षांनी वापरता येणारा साठा सुमारे १,८२० किलो उरतो आणि १३९व्या वर्षी निम्मा. हे कळतं ते मक्यावरून. जुनी, खालची पानं जांभळट होतात, कारण झाड त्यांतला स्फुरद काढून नव्या पानांना देतं. पीक उशिरा येतं, कणसं भरत नाहीत. पहिली पंधरा वर्षं सगळे बियाण्याला दोष देतात.

आता शंभराव्या वर्षातली एक नळदुरुस्ती करणारी बाई घ्या. पाइप कापल्यावर आत तिला बोटभर जाडीचा पांढरट थर दिसतो. ती त्याचा तुकडा तपासायला देते, मग पाइपांची लांबी गुणून बघते आणि सभेत उभी राहून सांगते की शंभर वर्षांत आपण मृतांच्या राखेतून सुमारे चारशे किलो शेताला परत दिला, आणि भिंतींमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त अडकून पडला आहे. तिचा हिशेब बरोबर आहे. ऐकणाऱ्यांना मात्र एवढंच ऐकू येतं, की तुमच्या आजोबांच्या राखेने फारसा फरक पडला नाही.

तिला शांतपणे विरोध करणाऱ्यांपाशीही मुद्दे आहेत. खडा विरघळवायला आम्ल लागणार. जहाजावरचं गंधक मोजकंच, आणि वापरलेलं गंधकाम्ल चुन्याशी मिळून जिप्सम होऊन बसतं. म्हणजे एक कर्ज फेडायला दुसरं काढायचं. पाइप कापायचे तर एकेका वस्तीचं पाणी काही आठवडे बंद ठेवावं लागेल. कुठली वस्ती आधी? आम्लाच्या खोलीतल्या लोकांना काम वाढलं तर हवंच आहे, पण राखेचा मान जाऊन ते निव्वळ पाइप धुणारे ठरतील, ते त्यांना नको आहे. आणि जन्मांची परवानगी ज्या वहीवरून मिळते ती वही भिंतीतल्या बाराशे किलोंनी अचानक श्रीमंत झाली, तर शंभर वर्षं मूल नाकारलेल्या घरांना काय सांगायचं?

मी लिहीत असतो तर तिचा ठराव पहिल्या मतदानात पाडला असता. दुसऱ्यांदा तो मंजूर होतो, पण कारकुनाच्या दुरुस्तीसह. पाइपांतून निघालेला स्फुरद वहीत चढवायचा, तर प्रत्येक खड्याच्या वजनापुढे एका मृताचं नाव लिहायचं. सुरुवातीच्या वर्षांत बाहेर सोडून दिलेल्या देहांची नावं त्यासाठी शिल्लक असतातच.