एका गोळीतली दोन औषधं

लघवीच्या जंतुसंसर्गावर डॉक्टर पुष्कळदा को-ट्रायमोक्साझोलची गोळी लिहून देतात. मोठ्या गोळीच्या पाकिटावर नीट पाहिलं तर दोन नावं दिसतील: सल्फामेथॉक्साझोल ८०० मिलिग्रॅम आणि ट्रायमेथोप्रिम १६० मिलिग्रॅम.

असा संसर्ग बहुतेक वेळा ई. कोलाय हा जंतू करतो. वाढताना त्याला सतत नवा डीएनए बनवावा लागतो आणि त्यासाठी फोलेट लागतं. आपल्याला ते पालेभाज्यांतून, डाळींतून मिळतं, ई. कोलायला मात्र स्वतःच तयार करावं लागतं. दोन्ही औषधं तिथेच घाव घालतात.

या कामाच्या सुरुवातीच्या एका पायरीवर पाबा नावाचा छोटा रेणू दुसऱ्या एका घटकाला जोडला जातो. सल्फाचा रेणू पाबासारखाच दिसतो, म्हणून जोडणारं एन्झाइम त्यालाच धरून बसतं. पण जंतूजवळ आधीचं फोलेट शिल्लक असतं. त्यावर त्याच्या काही पिढ्या निघतात, त्यामुळे नुसत्या सल्फाचा परिणाम उशिरा दिसतो.

ट्रायमेथोप्रिम शेवटची पायरी अडवतं: डायहायड्रोफोलेटचं टेट्राहायड्रोफोलेट होणं. डीएनएसाठी थायमिन बनवताना टेट्राहायड्रोफोलेटचं पुन्हा डायहायड्रोफोलेट होतं, आणि ते परत वापरात आणायला हीच पायरी लागते. ती बंद पडली की शिलकीतलं फोलेटही निकामी होतं. आपल्या शरीरातही असंच एन्झाइम आहे. पण ते अडवायला हजारो पट जास्त ट्रायमेथोप्रिम लागतं.

म्हणजे सल्फा नवा पुरवठा तोडतं आणि ट्रायमेथोप्रिम जुना साठा बाद करतं. एकेकटं औषध बहुधा जंतूची वाढ रोखून धरतं. दोन्ही मिळून त्याला मारू शकतात. अनेक वर्षं एवढंच स्पष्टीकरण दिलं जाई. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई. कोलायवरच्या संशोधनाने त्यात मोलाची भर घातली. पाबा ज्या घटकाला जोडला जातो, तो घटक तयार व्हायलाही अप्रत्यक्षपणे टेट्राहायड्रोफोलेटच लागतं. ट्रायमेथोप्रिममुळे तो घटक कमी पडतो आणि सल्फाचा मारा आणखी तीव्र होतो. दोघं एकमेकांचा जोर वाढवतात, हे मला या जोडीतलं सर्वांत सुंदर वाटतं.

गोळीतलं ५:१ हे प्रमाणही हिशेबाने ठरवलेलं आहे. ट्रायमेथोप्रिम रक्तातून पेशींमध्ये सहज शिरतं, त्यामुळे रक्तात प्रमाण साधारण २०:१ राहतं आणि बऱ्याच जंतूंवर ते उत्तम चालतं.

ही जोडी सगळीकडे चालत नाही. पुवामध्ये मेलेल्या पेशींमधून थायमिडिन सुटतं. ते आयतं मिळालं की जंतू अडवलेली वाट टाळतो. काही जंतूंनी आपली एन्झाइमंच बदलली आहेत. कल्चरच्या रिपोर्टमध्ये या औषधासमोर 'रेझिस्टंट' लिहिलं असेल तर डॉक्टर दुसरं औषध निवडतात. म्हणून उरलेली पट्टी मनाने घेऊ नका. पूर्वी सल्फाने अंगावर पुरळ आलं असेल, गरोदर असाल किंवा मेथोट्रेक्सेट चालू असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.