भोंग्याला हात लावू नका, बॉस!

परवा मित्राच्या ऑफिसची सर्व्हर रूम बघितली. २ मीटर लांब, २ मीटर रुंद, २.५ मीटर उंच. दाराबाहेर ४.५ किलो कार्बन डायऑक्साइडचा लाल सिलिंडर. चॉईस परफेक्ट! हा गॅस वीज वाहून नेत नाही आणि पावडरसारखा मशीनमध्ये कचराही करत नाही.

मित्राने ऐटीत काळा भोंगा धरून पोझ दिली. ‘अरे, तिथे नको!’ मी ओरडले. गॅस सुटताना उणे ७८ अंशांपर्यंत गार होतो. साधा भोंगा उघड्या हाताने धरला, तर कातडी चिकटून सोलवटते. धरायची ती मूठ.

पण खरी गोम खोलीत आहे. ४.५ किलो गॅस पसरला, की साधारण २.५ घनमीटर जागा व्यापतो. खोली १० घनमीटरची! म्हणजे दार बंद असेल, तर आतल्या हवेचा जवळपास पाचवा हिस्सा हाच गॅस. १० टक्क्यांतही माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो.

म्हणून आग छोटी असेल तरच हे करा: आधी मेन स्विच बंद, नाहीतर ती पुन्हा पेटते. मग दारातूनच फवारा मारा आणि मागे या. खोली हवेशीर होईपर्यंत आत डोकावूसुद्धा नका.