कुत्र्याच्या जखमेत अळ्या : पहिल्या तासात काय कराल?

पावसाळ्यात वस्तीतल्या कुत्र्याच्या मानेवर रुपयाएवढी जखम दिसते, कुजका वास येतो आणि आत पांढरे काहीतरी वळवळते. माशीने घातलेली अंडी साधारण दिवसभरात फुटतात आणि अळ्या मांस खात आत शिरतात.

वेदनेने ओळखीचा कुत्राही चावतो. म्हणून हातमोजे घाला आणि कापडी पट्टीने त्याचे तोंड बांधा. धाप किंवा उलटी असेल तर मात्र बांधू नका. मेडिकलमधल्या नॉर्मल सलाईनने जखम धुवा. वर आलेल्या अळ्या चिमट्याने काढा, आत खोदू नका. माशा बसू नयेत म्हणून स्वच्छ कापडाने झाका.

फिनाईल, रॉकेल, पेट्रोल ओतू नका. त्याने मांस भाजते, कुत्रा ते चाटतो आणि विषबाधा होते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नका.

इथे काम संपत नाही. बाहेर रुपयाएवढे दिसणारे छिद्र कातडीखाली तळहाताएवढे पोखरलेले असू शकते. तिथल्या अळ्या भूल देऊनच नीट निघतात. उरल्या तर संसर्ग रक्तात पसरतो. त्यामुळे त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. हिरड्या पांढुरक्या असतील किंवा कुत्रा उठत नसेल, तर धुण्यातही वेळ घालवू नका.