भाषांतर झालं, पण इटलीत लायसन्स बदलून मिळेल का?

बारामती एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे, त्यामुळे इटली आपल्याला तशी परकी नाही. रस्त्यावरच्या ‘आपे’चं नावही इटालियन. त्याचा अर्थ मधमाशी! आता बारामती-इंदापूरकडची पोरं शिकायला किंवा नोकरीला तिकडे निघाली, की एक प्रश्न हमखास येतो: एमएच-४२ च्या हद्दीत काढलेलं आपलं लायसन्स इटालियनमध्ये भाषांतर करून तिथल्या लायसन्सशी बदलून घेता येतं का?

सरळ उत्तर: नाही. लायसन्सची अदलाबदल भाषांतरावर नाही, दोन देशांमधल्या करारावर चालते. जपान, मोरोक्को अशा देशांशी इटलीचा तसा करार आहे, भारताशी नाही. मग भाषांतराचे पैसे वाया का? तेही नाही. इटलीच्या वाहतूक कायद्यानुसार, तिथल्या नगरपालिकेत रहिवासी म्हणून नोंद झाल्यापासून एक वर्ष तुम्ही भारतीय लायसन्सवर गाडी चालवू शकता. मात्र त्यासोबत अधिकृत इटालियन भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना हवा. थोडक्यात, भाषांतरामुळे तुम्हाला एक वर्ष मिळतं, नवं लायसन्स नाही.

आता खरी गोम कुठे आहे ते बघा. समजा, इंदापूरच्या एका मुलाच्या कार्डावर दोन प्रकार आहेत: एमसीडब्ल्यूजी आणि एलएमव्ही. पहिला म्हणजे गिअरची मोटरसायकल, दुसरा म्हणजे हलकं मोटर वाहन. घाईतला भाषांतरकार काय करतो? एलएमव्हीसमोर ‘बी’ लिहून मोकळा होतो, कारण इटलीत कारचं लायसन्स बी वर्गाचं असतं. पण आपल्या कायद्यात एलएमव्हीची मर्यादा ७,५०० किलो आहे. इटलीचा बी वर्ग ३,५०० किलोला थांबतो आणि त्यात ड्रायव्हर सोडून आठच सीट चालतात. त्यापुढे ७,५०० किलोपर्यंतच्या मालगाड्यांना सी-वन हा वेगळा वर्ग आहे. म्हणजे एलएमव्ही आणि बी एकच नाहीत.

मोटरसायकलचं दुखणं उलटं. आपल्याकडे स्प्लेंडर चालवा नाहीतर ३५० ची बुलेट, कार्डावर एमसीडब्ल्यूजीच असतं. इटलीत मात्र इंजिन आणि ताकद बघून ए-वन, ए-टू आणि ए असे वर्ग पाडलेत. स्प्लेंडर ए-वनमध्ये बसते, कारण तो वर्ग १२५ सीसीपर्यंतचा आहे. बुलेटला ए-टू लागतो. मग आपल्या कार्डासमोर यातलं कोणतं अक्षर लिहायचं? कोणतंच नाही. भाषांतरकाराने मूळ कोड तसाच ठेवून त्याचा अर्थ इटालियनमध्ये लिहायचा असतो: एमसीडब्ल्यूजीपुढे ‘मोतोचिक्लो कोन काम्ब्यो’, म्हणजे गिअर असलेली मोटरसायकल. वर्ग ठरवणं हे त्याचं कामच नाही. तुमच्या भाषांतरात मूळ कोड गायब असेल आणि नुसतं ‘बी’ किंवा ‘ए’ दिसत असेल, तर ते दुरुस्त करून घ्या.

नावाचंही बघा. आपल्या कार्डावर नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव एकाच ओळीत असतं. इटलीत नाव आणि आडनाव वेगवेगळं लिहितात. दोन्हीची फोड पासपोर्टप्रमाणेच हवी, नाहीतर पोलिसाला दोन कागदांवर दोन माणसं दिसतील.

भाषांतर नुसतं टाइप करून चालत नाही. इटलीत भाषांतरकार कोर्टात जाऊन शपथेवर सही करतो, तेव्हा ते अधिकृत होतं. त्याला स्टॅम्पचा खर्चही येतो. म्हणूनच निघायच्या आधी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढलेला सोपा पडतो. त्यासाठी फॉर्म ४-ए भरायचा, पासपोर्ट आणि व्हिसा जोडायचा. हा परवाना जास्तीत जास्त एक वर्ष चालतो आणि त्यातले वर्ग आंतरराष्ट्रीय साच्यातच असल्याने वर्गांचा घोळ बराच कमी होतो. मात्र परवाना असो वा भाषांतर, मूळ कार्ड खिशात हवंच. त्याच्याशिवाय दोन्ही कागदांना किंमत नाही.

आणि वर्ष संपल्यावर? पुन्हा पहिल्यापासून: थिअरी आणि ड्रायव्हिंग टेस्ट, दोन्ही. थिअरीत ३० विधानं येतात, प्रत्येक चूक की बरोबर ते सांगायचं, वेळ २० मिनिटं आणि चुका फार तर तीन. पेपर इंग्रजीत मिळत नाही. तेव्हा रहिवासी नोंद झाली त्या दिवसाची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा आणि इटालियनचा क्लास त्याच आठवड्यात लावा. शेवटच्या महिन्यात लावलात, तर बारा महिने चालवलेली गाडी तेराव्या महिन्यात दारातच उभी राहील.