गरम झाल्यावर दम सोडणारे एचएसटी: चार्ज पंपाचा दाब आधी तपासा

स्वयंचलित भात लावणी यंत्र, पट्ट्यांवर चालणारे कापणी-मळणी यंत्र आणि काही लहान ट्रॅक्टर यांत हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन, म्हणजेच एचएसटी, बसविलेले असते. इंजिनवर फिरणारा पंप तेल मोटरकडे ढकलतो आणि मोटरमधून परतणारे तेल टाकीत न जाता थेट पंपाकडेच येते. हे बंद चक्र होय. मात्र पिस्टनभोवतीच्या बारीक फटींतून थोडे तेल सतत गळून टाकीत जाते. ही तूट भरून काढण्याचे काम चार्ज पंप करतो. तो चक्राच्या कमी दाबाच्या बाजूस चेक व्हॉल्व्हमधून ताजे, थंड तेल पुरवितो. लहान यंत्रांत हा दाब बहुधा ५ ते १० बार असतो. नेमका आकडा यंत्राच्या पुस्तिकेत पाहावा.

नेहमी आढळणारी तक्रार अशी: कापणी यंत्र सकाळी उत्तम चालते, परंतु तासाभरात बांध चढेनासे होते, पुढेही आणि मागेही. अशा वेळी मुख्य पंप बदलण्याचा सल्ला सहज दिला जातो आणि खर्च फार मोठा असतो. त्याआधी पट्ट्याचा ताण, लिव्हरची जोडणी, तेलाची पातळी आणि यंत्र ओढून नेण्यासाठीचा बायपास व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे ना, हे पाहावे. त्यानंतर इंजिन बंद करून चार्ज दाबाच्या तपासणी छिद्राला गेज जोडावे.

समजा, पुस्तिकेत ६ बार दिले आहेत. न्यूट्रलमध्ये तेल थंड असताना गेज ६ दाखवितो, पण तेल तापल्यावर २ वर येतो. गाडी जागेवरच उभी असताना दाब कोसळतो, याचा अर्थ दोष बहुधा चार्जच्या बाजूस आहे. चार्ज रिलीफ व्हॉल्व्हच्या बैठकीवर कचरा अडकला की पातळ झालेले गरम तेल तेथून निसटते. व्हॉल्व्ह काढून धुतल्यावर गरम तेलातही दाब पूर्ववत झाला, तर पंप खोलण्याचे कारण उरत नाही. दाब तरीही कमी राहिला, तर चार्ज पंप झिजला असावा.

उलट, न्यूट्रलमध्ये दाब ठीक, पण भार येताच घसरत असेल, तर गळती मुख्य पंपात किंवा मोटरमध्ये शोधावी. एकाच दिशेला ताकद कमी पडत असल्यास त्या बाजूचा चेक व्हॉल्व्ह संशयित ठरतो. सकाळी थंड तेलावर कर्कश आवाज येत असेल, तर शोषण बाजूचा फिल्टर तुंबलेला असण्याची शक्यता अधिक. तेलावर फेसही दिसत असेल, तर शोषण नळीतून हवा शिरत आहे. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा वापरू नये.

काढलेला फिल्टर फेकण्यापूर्वी कापून पाहावा. त्यात पितळी रंगाचा चुरा चमकत असेल, तर पंप किंवा मोटरचे आतील भाग झिजत आहेत आणि ते आता उघडावेच लागतील.