बातमी अडते ती आख्यातावर

सिंहली बातमीपत्र कानाला ताठर लागतं, आणि त्याचा दोष बहुधा संस्कृत-पाली शब्दांवर टाकला जातो. हे निदान अर्धंच खरं आहे. खरी अडचण क्रियापदाच्या शेवटी आहे. बोलीत ‘गिया’ या एका रूपात मी गेलो, ती गेली, ते गेले, सगळं भागतं. लेखी भाषेत तो गेला ‘गियेय’, ती गेली ‘गियाय’, ते गेले ‘गियह’. क्रियापदाने कर्त्याशी जुळायचं, हा तिथल्या व्याकरणातला उक्त-आख्यात नियम. कर्ताही प्रथमेतच हवा. बोलीतून ही जुळणी केव्हाच गेली, लेखणीत मात्र राहिली. मराठीत गेला-गेली-गेले घरातच कानावर पडतं, म्हणून आपल्याकडे बातमी लिहिणाऱ्याला ते शिकावं लागत नाही. सिंहली मूल ते शाळेत, पुस्तकातून शिकतं.

एक बातमी काल्पनिक धरून पाहू : बोट उलटून तीन मच्छीमारांचा मृत्यू. घरी माणूस सांगेल, ‘बोट्टुवक् पेरळिला धीवरयो तुन्देनेक् मॅरुणा.’ बातमीपत्रात ते होईल, ‘बोट्टुवक् पेरळीमेन् धीवरयो तिदेनेक् मिय गियह.’ ‘तुन्देनेक्’चं ‘तिदेनेक्’ सोडलं, तर इथे तीन वेगवेगळे बदल झाले आहेत. ‘पेरळिला’ म्हणजे उलटून. त्याच्या जागी ‘उलटल्यामुळे’ असं भाववाचक नाम आलं. ‘मॅरुणा’ माणसाबद्दल रुक्ष वाटतं, म्हणून ‘मिय गिया’ आलं. हा सभ्यतेचा भाग. आणि त्यातल्या ‘गिया’चं ‘गियह’ झालं. हा निव्वळ व्याकरणाचा. घाईत लिहिणारा चुकतो तो या शेवटच्या ठिकाणी : ‘धीवरयो’ या प्रथमेऐवजी ‘धीवरयन्’ हे द्वितीयेचं रूप कर्ता म्हणून बसवतो, किंवा अनेक माणसांना एकवचनी क्रियापद लावतो. त्यात भर म्हणजे निर्जीव वस्तूंचा नियम उलटा : घरं कितीही पडली तरी क्रियापद एकवचनीच.

यातून एक सवय घडते, आणि माझ्या मते ताठरपणाचं मूळ तिच्यात आहे. इंग्रजीतून आलेल्या वार्तेत एखादा अधिकारी काही म्हणालेला असतो. तो पुरुष की स्त्री हे मजकुरात नसतं. सिंहलीत मात्र ‘पॅवसुवेय’ की ‘पॅवसुवाय’ हे ठरवल्याशिवाय वाक्य संपत नाही. हा पेच मराठी वार्ताविभागालाही नवा नाही. ‘म्हणाले’ की ‘म्हणाल्या’ यावर इथेही फोन होतात. सिंहली लेखक वाट काढतो ती ‘पवसा ॲत’ अशी : म्हटलेलं आहे. हे रूप कर्त्यानुसार बदलत नाही. दुसरी वाट कर्मणीची, ‘विसिन्… करन लदी’, म्हणजे अमुकाकडून केलं गेलं. तिसरी, माणसाऐवजी पोलीसखात्याला बोलायला लावायचं, कारण संस्थेला लिंगाची भानगड नाही. तिन्ही सुरक्षित आहेत. पण वाक्यामागून वाक्य ‘ॲत’ आणि ‘लदी’वर संपू लागलं, की कुणी काय केलं हे धूसर होतं. त्याला लोक भारदस्तपणा समजतात. बराचसा तो चूक टाळण्याचा प्रयत्न असतो.

मग सरळ बोलीतच का लिहू नये? पहिला आक्षेप प्रतिष्ठेचा : मृत्यूची बातमी चावडीवरच्या गप्पांसारखी वाटेल. पण प्रतिष्ठा शब्द सांभाळतो, प्रत्यय नव्हे. ‘धीवरयो तुन्देनेक् मिय गिया’ म्हणा. शब्द सभ्य, क्रियापद बोलीचं. व्याख्यानात, चर्चेत सुशिक्षित सिंहली माणूस अशीच मधली भाषा बोलतो. जेम्स गेअर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिची स्वतंत्र नोंद घेतली आहे. दुसरा आक्षेप, बोली प्रांतागणिक वेगळी, लेखी भाषा सर्वांची. मराठीबाबत यात दम असता. सिंहलीत प्रांतभेद तुलनेने किरकोळ आहेत. शिवाय बातमीपत्रात बोली आधीच आहे : अपघात पाहिलेला माणूस कॅमेऱ्यासमोर बोलीतच बोलतो. निवेदन लेखी आणि माणसांचं बोलणं बोली, ही विभागणी सिंहली कादंबरीनेही पाळली आहे. मार्टिन विक्रमसिंघे यांच्या १९४४ च्या ‘गम्पेरळिय’तही ती दिसते. कादंबरीत मात्र वाचकाला मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचता येतं.

तिसरा आक्षेप जड आहे, आणि तो मला मान्य करावा लागतो. क्रियापदाचा प्रत्यय कर्ता कोण याची खूण देतो. लांब वाक्यात मंत्री, समिती आणि आंदोलक तिघेही असले तर शेवटचं ‘ह’ ऐकून कर्ता अनेकवचनी होता हे कळतं. बोलीचं ‘आ’ काहीच सांगत नाही. म्हणजे लेखी मजकुरातले प्रत्यय छाटले की बोली संहिता तयार होत नाही. वाक्यच नव्याने बांधावं लागतं. ‘उलटल्यामुळे’सारखी नामं मोडून पुन्हा क्रिया करायच्या, एका वाक्यात एकच कर्ता ठेवायचा, आणि ‘असे’ या अर्थाच्या ‘बव’मागे रांगेने लोंबणारी विधानं तोडून कोण म्हणालं हे आधी सांगायचं. काम वाढतं, वेळ तेवढाच असतो. संपादक जुन्या साच्याकडे वळतो ते यामुळे. न्यायालयाचा आदेश किंवा राजपत्रातला मजकूर शब्दशः वाचायचा असेल तिथे लेखी रूपच हवं, आणि पडद्याखालून सरकणाऱ्या पट्टीलाही ते शोभतं, कारण ती डोळ्यांनी वाचली जाते.